टीसीएल टाकण्याआधी दोन मोजमापं: गढूळपणा आणि आम्लता



पावसाळा लागला की ग्रामसंघाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो. "ताई, जलसुरक्षक भाऊ टीसीएल टाकतात, आम्ही बघतो टाकताना. मग जुलैमध्ये पोरांची पोटं का बिघडतात?" प्रश्न बरोबर आहे. टीसीएल पडली म्हणजे तिचं काम झालं, असं आपण धरून चालतो. पण पाणी खूप गढूळ असेल, किंवा त्याची आम्लता ठरावीक मर्यादेच्या बाहेर असेल, तर तीच पावडर तेवढ्याच प्रमाणात टाकूनही कमी काम करते. कधी कधी जवळजवळ काहीच करत नाही.

या दोन गोष्टी मोजायची एक स्वस्त पेटी सध्या आपल्या प्रभागसंघाकडे आहे. एका अभियांत्रिकी महाविद्यालयातली पर्यावरण अभियांत्रिकी शिकणारी मुलंमुली ती घेऊन आपल्या गावांत आली होती. त्यांच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत गढूळपणा मोजायचं महागडं मशीन असतं, पण ते टेबलावरून हलत नाही आणि एका मशीनभोवती वीस जण उभे असतात. म्हणून प्रत्येकाला हाताळता येईल आणि विहिरीवर नेता येईल असं साधन त्यांनी स्वतः बनवलं. जाताना एक पेटी आपल्याकडे ठेवून गेली. ती कशी वापरायची, आणि तिच्यावर कुठे विश्वास ठेवायचा नाही, ते या लेखात सांगते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. या पेटीतून पाणी पिण्यालायक आहे की नाही हे कळत नाही. तिला जंतू दिसत नाहीत, फ्लोराइड दिसत नाही, नायट्रेट दिसत नाही. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या कितीतरी बोअरवेलचं पाणी काचेसारखं स्वच्छ असतं आणि त्यात फ्लोराइड जास्त असतं. पेटी आपल्याला एवढंच सांगते की या पाण्यात टीसीएल नीट काम करू शकेल का. पावसाळ्यात आपल्याला नेमकं तेच हवं असतं.

गढूळपणा टीसीएल का खातो

गढूळ पाण्यात मातीचे बारीक कण, शेण, कुजलेला पाला असं सगळं तरंगत असतं. टीसीएलमधला क्लोरीन जंतू शोधत फिरत नाही. समोर जे येईल त्याच्याशी तो भिडतो. कुजलेला पाला आणि शेण समोर आलं तर त्यातच तो संपून जातो. शिवाय काही जंतू मातीच्या कणांना चिकटून, त्यांच्या आडोशाला बसलेले असतात. तिथपर्यंत क्लोरीन पोचत नाही. शेतात ओल्या गवताखाली लपलेल्या किडीवर वरून फवारा मारल्यासारखं होतं.

गढूळपणा मोजायच्या एककाला एनटीयू म्हणतात. पिण्याच्या पाण्याचं जे भारतीय मानक आहे, आयएस १०५००, त्यात गढूळपणा १ एनटीयूपर्यंत असावा असं म्हटलंय. दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालवून घ्यायचं. साध्या काचेच्या ग्लासात साधारण ४ एनटीयूच्या पुढचा गढूळपणा डोळ्यांना जाणवायला लागतो. म्हणजे "मला तर पाणी स्वच्छ दिसतंय" हे वाक्य ४ च्या खाली काही कामाचं नाही, आणि ४ च्या वर पाणी १० आहे की ५० आहे ते नुसत्या नजरेनं ठरत नाही. इथे ट्यूब लागते.

ट्यूब

पेटीतली मुख्य वस्तू म्हणजे एक मीटर लांबीचा, साधारण चार सेंटिमीटर व्यासाचा पारदर्शक प्लॅस्टिकचा पाइप. तळाला टोपण घट्ट बसवलंय. टोपणावर आतल्या बाजूने एक गोल चकती आहे. तिचे चार भाग केलेत, भाकरीचे चार कोर करावेत तसे, आणि एकाआड एक काळा-पांढरा रंग दिलाय. बाहेरून शिंप्याची मोजपट्टी चिकटवलीय. तळाजवळ पाणी सोडायला एक छोटी नळी आणि चिमटा आहे. कोणाला असा पाइप बनवायचा असेल तर एक लक्षात ठेवा, मोजपट्टीचा शून्य चकतीच्या पातळीला यायला हवा, पाइपाच्या टोकाला नाही. मुलांना एका ट्यूबला हजार रुपयांच्या आत खर्च आला. त्यात पाइपाचाच वाटा मोठा.

वापरायचं असं. पाणी घेतलं की बाटली दोन-तीनदा हळू उलटीसुलटी करायची, म्हणजे खाली बसलेली माती परत मिसळेल. जोरात हलवायची नाही, कारण बुडबुडे झाले की तेही गढूळपणासारखेच दिसतात. ट्यूब सावलीत उभी धरायची. आपण उन्हाकडे पाठ करून उभं राहायचं. ट्यूब काठोकाठ भरायची, वरून सरळ खाली बघायचं आणि दुसरीने चिमटा सैल करून पाणी हळूहळू सोडायचं. पाण्याची पातळी उतरत जाते आणि एका क्षणी तळाचे काळे-पांढरे तुकडे वेगवेगळे ओळखू येतात. तिथे चिमटा लावायचा आणि पाण्याची उंची वाचायची.

उंची जेवढी कमी, पाणी तेवढं गढूळ. अशा ट्यूबचं मशीनशी ताडून तयार केलेलं गणित मुलांनी एका कागदावर लिहून पेटीच्या झाकणात चिकटवलंय. चकती साधारण ८५ सेंटिमीटरवर दिसली तर ५ एनटीयू, ५३ वर दिसली तर १०, ३४ वर २०, १८ वर ५० आणि १२ सेंटिमीटरच्या आसपास दिसली तर १००. मधला आकडा आला तर अंदाजाने मधलाच धरायचा. ट्यूब पूर्ण भरलेली असतानाच चकती दिसली, तर पाणी ४ एनटीयूच्या आसपास किंवा त्याहून कमी आहे. किती कमी, हे ही ट्यूब सांगू शकत नाही. १ एनटीयू बघायचा तर जवळजवळ अडीच मीटर उंच ट्यूब लागेल. म्हणून "ट्यूब भरून चकती दिसली" याचा अर्थ "मानकात बसलं" असा काढायचा नाही. टीसीएलसाठी पाणी बऱ्यापैकी तयार आहे, एवढाच काढायचा.

वाचनात फरक पडतो तो बहुतेक घाईमुळे. बाटली भरून ती अर्धा तास तशीच ठेवली आणि वरचंच पाणी ट्यूबमध्ये ओतलं, तर आकडा छान येतो आणि खोटा असतो. एकीची नजर तेज, दुसरीला चष्मा, असंही असतं. म्हणून दोघींनी वेगवेगळं वाचायचं, एकमेकींना आकडा सांगायचा नाही, आणि मग सरासरी काढायची. दोघींच्या आकड्यांत पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर परत मोजायचं. ट्यूबला आतून ओरखडे पडले तर चकती धूसर दिसते, त्यामुळे आत घासणी घालायची नाही. ओल्या मऊ कापडाचा बोळा काठीला बांधून फिरवायचा. अजून एक. पाणी चहासारखं रंगीत असेल, पाल्यामुळे किंवा लोहामुळे, तर माती नसतानाही चकती लवकर दिसेनाशी होते. तशा पाण्याची नोंद करताना शेजारी "रंग आहे" असं लिहायचं.

मुलांकडे एक बॅटरीवर चालणारी डबीही होती. तिच्यात एका बाजूने छोटा दिवा पाण्यात उजेड सोडतो आणि काटकोनात बसवलेला सेन्सर कणांवरून उडालेला उजेड मोजतो. कॉलेजमधलं मशीन याच तत्त्वावर चालतं. डबीला १ आणि ५ मधला फरक कळतो, जो ट्यूबला कळत नाही. पण बाटलीवर बोटाचा ठसा उमटला, झाकणातून थोडा उजेड आत शिरला, तरी आकडा उड्या मारतो, आणि मधूनमधून माहीत असलेल्या गढूळपणाच्या द्रावणाशी ती ताडून घ्यावी लागते. ते द्रावण आपल्याला गावात मिळणार नाही. म्हणून डबी मुलांकडेच राहिली आणि आपण ट्यूब घेतली. माझ्या मते आपल्या कामासाठी तीच बरी.

आम्लता, म्हणजे सामू

पाण्याची आम्लता पीएच या आकड्यात सांगतात. शाळेच्या पुस्तकात तुम्ही त्याला सामू म्हणून वाचलं असेल. ७ म्हणजे मधोमध. त्याच्या खाली गेलं की आंबटपणाकडे, वर गेलं की चुन्याकडे. लिंबाचा रस साधारण २, दही ४ च्या पुढेमागे, चुन्याची निवळी १२ च्या आसपास. एक घर सरकलं की फरक दहापट होतो, त्यामुळे साडेसात आणि साडेआठ हे आकडे दिसायला शेजारी असले तरी पाण्याच्या दृष्टीने लांब आहेत. पिण्याच्या पाण्याचा सामू मानकाप्रमाणे ६.५ ते ८.५ असावा लागतो.

याचा टीसीएलशी संबंध असा. पावडर पाण्यात गेली की क्लोरीन दोन रूपांत राहतो. एक रूप जंतू झपाट्याने मारतं, दुसरं फार सावकाश. कोणतं रूप किती, हे सामू ठरवतो. साडेसहाला जवळजवळ ९० टक्के क्लोरीन तेज रूपात असतो. साडेसातला निम्मा. साडेआठला फक्त दहावा भाग. टीसीएल तेवढीच, पाणी तेवढंच, पण काम करणारा हिस्सा इतका बदलतो. आपल्या काळ्या खडकातल्या विहिरी-बोअरचं पाणी बहुतेक ७ ते ८.५ च्या मध्येच असतं, आणि सामू ८ च्या वर असेल तर टीसीएलला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ द्यायला हवा. कोकणात, जांभ्या दगडाच्या भागात उलट असतं. तिथलं पाणी कितीदा साडेसहाच्याही खाली असतं. टीसीएलला ते चालतं, पण असं पाणी लोखंडी नळ खातं, आणि त्यात तुरटी टाकली तर सामू आणखी घसरतो.

मोजायला पेटीत कागदाच्या पट्ट्या आहेत, अर्ध्या-अर्ध्या घराने रंग बदलणाऱ्या. पट्टी पाण्यात बुडवायची, झटकायची, आणि डब्यावर लिहिलेल्या वेळात रंग जुळवायचा. उशीर केला तर रंग बदलत राहतो. विहिरीवर पाणी काढल्या काढल्या मोजायचं. बोअरच्या पाण्यात विरलेला वायू पाणी उघडं राहिलं की निघून जातो आणि सामू आपोआप वर चढतो, म्हणून घरी नेऊन दुपारी मोजलेला आकडा बोअरचा राहत नाही. बाटली साबणाने धुतली आणि नीट खळखळली नाही तरी आकडा वर जातो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सामू टीसीएल टाकण्याच्या आधी मोजायचा. क्लोरीन जास्त असेल तर तो पट्टीचा रंगच उडवतो, कपड्यावर ब्लीच सांडल्यावर होतं तसं, आणि मग जो फिकट रंग दिसतो तो कशाशीच जुळत नाही.

बैठकीत एका मावशींनी विचारलं, "हळदीला चुना लागला की कुंकू होतं, मग हळदच का वापरत नाही?" विद्यार्थिनींना हा प्रश्न फार आवडला, कारण तत्त्व तेच आहे. हळदीत बुडवून वाळवलेला कागद आम्लता दाखवतोच. पण हळद लाल व्हायला लागते ती साधारण साडेआठच्या आसपास आणि त्यापुढे. साडेसहा ते आठ, म्हणजे आपल्याला जिथे बघायचंय तिथे, ती पिवळीच राहते. पट्ट्या संपल्या असतील तर हळदीचा कागद एवढंच सांगेल की पाणी फार चुनखडीकडे गेलंय की नाही.

मुलांनी पेनासारखं छोटं पीएच मीटरही दाखवलं. आकडा पडद्यावर येतो म्हणून सगळ्यांना तेच हवं होतं. पण त्याचं टोक कोरडं पडलं की ते बिघडतं, आणि दर वेळी ठरावीक सामूच्या द्रावणात बुडवून ते ताडून घ्यावं लागतं. न ताडलेलं मीटर मोठ्या आत्मविश्वासाने चुकीचा आकडा दाखवतं. पट्टी निदान वाळली, पिवळी पडली तर दिसतं तरी.

एका विहिरीची गोष्ट

आता हे सगळं एकत्र कसं वापरलं ते सांगते. डोंगरपायथ्याच्या एका गावात ओढ्यालगत सार्वजनिक विहीर आहे. तिचं पाणी टाकीत चढतं आणि टाकीतून नळांना जातं. जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी आम्ही तिथे मोजलं. गटाच्या सचिव ताईंचं वाचन १७ सेंटिमीटर, दुसऱ्या ताईंचं १९. सरासरी १८, म्हणजे ५० एनटीयू. सामू साडेसात.

तायांचं म्हणणं होतं की घागर रात्रभर ठेवली की पाणी निवळतं. म्हणून तेच पाणी रात्रभर ठेवून, तळाला धक्का न लावता सकाळी वरचं मोजलं. चकती २६ सेंटिमीटरवर दिसली. म्हणजे ५० चे ३० झाले. चारपदरी सुती कापडातून गाळल्यावर २७. कापडाने पालापाचोळा आणि मोठे कण थांबतात. जी माती रात्रभर खाली बसली नाही ती इतकी बारीक असते की कापडातून सहज जाते.

मग तुरटी. तुरटी आपल्या सगळ्यांना माहीत आहे, घागरीत खडा फिरवतो. पण किती फिरवायचा? कोणी पाच वेळा, कोणी हात दुखेपर्यंत. कमी झाली तर माती बसत नाही, जास्त झाली तर पाणी तुरट लागतं आणि सामू उतरतो. पर्यावरण अभियांत्रिकीच्या मुलांना यासाठी एक प्रयोग शिकवतात. एकाच पाण्याच्या पाच-सहा भांड्यांत वेगवेगळी तुरटी टाकून बघायची. आम्ही तो पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत केला.

गावातल्या सोनाराच्या काट्यावर १० ग्रॅम तुरटी तोलून घेतली, कुटली आणि एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवली. या द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम तुरटी असते. पाच बाटल्यांत विहिरीचं एकेक लिटर पाणी घेतलं आणि सुई नसलेल्या सिरिंजने द्रावण टाकलं: २, ३, ४, ५ आणि ६ मिलिलिटर. बाटल्यांवर खडूने आकडे लिहिले. सगळ्या एक मिनिट जोरात ढवळल्या, मग दहा मिनिटं अगदी हळू. हळू ढवळणं टाळायचं नाही. त्याच वेळात बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे होतात. नंतर अर्धा तास हात लावला नाही.

दोनच्या बाटलीत फारसं काही झालं नाही. तीनमध्ये धुकं पसरल्यासारखं दिसलं. चारमध्ये रव्याएवढे पुंजके झाले आणि झपाट्याने खाली बसले. पाच आणि सहा चारसारख्याच होत्या, त्यांत जास्तीची तुरटी वायाच गेली. म्हणजे त्या दिवशीच्या पाण्याला लिटरमागे ४ मिलिलिटर द्रावण पुरे होतं. ट्यूब भरायला सव्वा लिटर लागतं, त्यामुळे एका बाटलीचं वरचं पाणी पुरत नाही. म्हणून दहा लिटरच्या बादलीत ४० मिलिलिटर टाकून तसंच ढवळलं, तासभर बसू दिलं आणि वरचं पाणी मोजलं. ट्यूब काठोकाठ भरलेली असतानाच चकती स्पष्ट दिसली. सामू साडेसात आणि सातच्या मध्ये आला. थोडा उतरला, पण मर्यादेत राहिला.

शेवटी दोन बादल्या शेजारी ठेवल्या. एकीत विहिरीचं गढूळ पाणी, दुसरीत तुरटीने निवळलेलं, दोन्ही दहा-दहा लिटर. जलसुरक्षकांनी दोन्हीत टीसीएलचं सारखंच द्रावण टाकलं. अर्ध्या तासाने त्यांच्याकडच्या ओटीच्या थेंबांनी तपासलं. निवळलेल्या पाण्याला पिवळा रंग आला, म्हणजे क्लोरीन अजून शिल्लक होता. गढूळ बादलीतलं पाणी आधी थोडं बसू देऊन वरचं घेतलं होतं, म्हणजे मातीचा रंग आड येऊ नये. तरी त्यात पिवळेपणा आला नाही. सगळा क्लोरीन अर्ध्या तासात संपला होता. (ओटी टाकलेलं पाणी विषारी असतं. ते प्यायचं नाही, जनावरांनाही पाजायचं नाही, लांब ओतून द्यायचं.)

त्या दिवशी तिथे जमलेल्या तायांनी ठरवलं की पाऊस असेपर्यंत पिण्याच्या पाण्याला घरोघरी मापाने तुरटी, मग निवळलेलं पाणी वेगळ्या भांड्यात काढून टीसीएल, आणि ज्या घरात लहान बाळ आहे तिथे उकळून. तळाचा गाळ परसात टाकायचा, परत विहिरीजवळ नाही. चारचा आकडा मात्र पाठ करायचा नाही. पाणी जास्त गढूळ झालं की माप बदलतं, म्हणून मोठा पाऊस झाला की पाच बाटल्या परत मांडायच्या. टाकीतच तुरटी टाकू या, असाही विषय निघाला. पण तिथली टाकी एकच आहे. गाळ तळाला बसणार आणि नळाचं तोंडही तळाशीच, म्हणजे तोच गाळ घरी येणार. त्यासाठी वेगळी निवळण टाकी लागते, आणि ते ग्रामपंचायतीचं काम आहे.

नोंदवहीतून निघालेली गोष्ट

गावातल्या दोन तायांनी पुढचे पंधरा दिवस रोज सकाळी सातला ट्यूब लावली. वहीत चारच रकाने ठेवले: तारीख, काल पाऊस किती (जोरात, मध्यम, नाही), ट्यूबचे सेंटिमीटर, सामू. सामू जवळजवळ हलला नाही. ट्यूब मात्र पावसाबरोबर नाचत होती. दोन दिवस उघडीप मिळाली की आकडा चाळीसच्या पुढे जायचा. रात्री जोराचा पाऊस झाला की सकाळी परत वीसच्या खाली.

जमिनीतून झिरपत येणारं पाणी मातीतून गाळत येतं, ते एका रात्रीत इतकं बदलत नाही. एका रात्रीत बदललं म्हणजे वरचं पाणी थेट आत शिरतंय. वही घेऊन तिघी-चौघी विहिरीवर गेल्या आणि ओढ्याकडची बाजू बघितली. कठड्याखालचा ओटा फुटून तिथे हात जाईल एवढी फट पडली होती, आणि वरच्या बांधावरून येणारं पाणी, वाटेतल्या गोठ्याचं धुतलेलं घेऊन, तिथेच उतरत होतं. आतापर्यंत "पावसाळ्यात पाणी गढूळ होणारच" असं सगळे म्हणायचे. पंधरा दिवसांची वही आणि फटीचे फोटो जोडून ग्रामसंघाने ओटा दुरुस्तीचा आणि पाण्याला चर काढून देण्याचा अर्ज ग्रामपंचायतीला दिला. त्यासोबत विहिरीच्या पाण्याचा नमुना जंतू तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवावा, अशीही मागणी केली, कारण गोठ्याचं पाणी येतंय हे डोळ्यांनी दिसलं तरी जंतू किती हे ट्यूब सांगत नाही.

जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीच्या संचाचं प्रशिक्षण द्यायचं असतं. तुमच्या गावात ते झालं असेल तर त्या संचात सामू तपासायची सोय आहेच, आणि जंतू तपासायची बाटलीही असते, ज्यात पाणी दूषित असेल तर एक-दोन दिवसांत काळं पडतं. तो संच कपाटात पडून असेल तर आधी बाटल्यांवरची मुदत बघा. ट्यूब त्या संचाच्या जोडीने वापरायची, त्याच्याऐवजी नाही.

आपली पेटी प्रभागसंघाच्या कार्यालयात आहे. ग्रामसंघाच्या ठरावाची प्रत दिली की पंधरा दिवसांसाठी मिळेल. नेताना ट्यूब आडवी, गोधडीत गुंडाळून न्या आणि एसटीच्या टपावर टाकू नका. सामूच्या पट्ट्यांचा डबा झाकण लावूनच ठेवा, पावसाळी हवेने पट्ट्या खराब होतात. सध्या अडतीस पट्ट्या शिल्लक आहेत. परत करताना किती वापरल्या ते वहीत लिहा, आणि तुमच्या विहिरीच्या नोंदींची एक प्रत कार्यालयात ठेवून जा.

— क्षेत्र समन्वयक, प्रभागसंघ